वीस विकलांनी सरकलेला तारा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर १७२५. लंडनजवळच्या क्यू गावात सॅम्युएल मोलिन्यू यांच्या घरी धुराड्याला एक चोवीस फुटी दुर्बीण उभी बांधलेली आहे. ती फक्त डोक्यावरचं आकाश बघते. कालेय तारकासमूहातला गॅमा ड्रॅकोनिस हा तारा लंडनच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जातो, म्हणून त्याची निवड झाली. दुर्बिणीशेजारी ओळंबा सोडलेला. तारा ओळंब्यापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, एवढंच मोजायचं.

मोलिन्यू आणि त्यांचे मित्र जेम्स ब्रॅडली यांना पराशय हवा होता. पृथ्वी कक्षेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा किंचित सरकलेला दिसायला हवा. या ताऱ्याच्या बाबतीत गणित सांगत होतं की डिसेंबरात तो दक्षिणेच्या टोकाला असेल, म्हणजे त्या दिवसांत जवळपास स्थिर. पण १७ डिसेंबरला ब्रॅडलींनी पाहिलं, तर तो आणखी दक्षिणेला सरकला होता. उपकरण तपासलं, दोष सापडेना. मार्चपर्यंत तारा सुमारे २० विकला सरकला, मग थांबला आणि मागे फिरला. जूनमध्ये डिसेंबरच्या जागी आला आणि सप्टेंबरात उत्तरेच्या टोकाला पोहोचला. एकूण झोका सुमारे ३९ विकलांचा. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची रुंदी साधारण १८०० विकला असते.

वर्षाचं चक्र बरोबर होतं, फक्त तीन महिन्यांनी चुकलेलं. पृथ्वीचा आसच डुलतो आहे का, हीही शंका आली. तसं असतं तर आकाशाच्या समोरच्या बाजूचा ताराही तेवढाच, पण उलट दिशेनं हलला असता. त्या बाजूचा एक ताराही पाहिला. तो उलटा हलला खरा, पण निम्माच. आसाचा तर्क बारगळला.

उत्तर थेम्स नदीत नाव फिरताना सुचलं, असं सांगतात. नावेनं दिशा बदलली की डोलकाठीवरची वातपताका वळायची, वारा मात्र तोच असायचा. पताका वाऱ्याची खरी दिशा दाखवत नव्हती. वारा आणि नाव, दोघांच्या वेगातून बनलेली दिशा ती दाखवत होती. ताऱ्याच्या प्रकाशाचंही हेच होतं. फरक पृथ्वीच्या जागेमुळे नाही, तिच्या वेगामुळे पडतो. वेगाची दिशा जागेच्या दिशेशी काटकोन करते, आणि वर्षाच्या चक्रात काटकोन म्हणजे बरोबर तीन महिने!

आता कोन काढू. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, तेव्हा कक्षेचा परीघ सुमारे ९४ कोटी किलोमीटर. वर्षात सव्वातीन कोटींहून थोडे कमी सेकंद असतात. भागाकार केला की वेग निघतो सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. गुणोत्तर, दहा हजारात एक. म्हणजे त्या सव्वासात मीटर लांबीच्या नळीतून प्रकाश खाली उतरेपर्यंत डोळ्याकडचं टोक पाऊण मिलिमीटरहून थोडं कमी पुढे सरकतं. तेवढी नळी पुढे कलवली तरच तारा मधोमध दिसतो. एक रेडियन म्हणजे २,०६,२६५ विकला. त्याचा दहा हजारावा भाग साडेवीस विकलांच्या आसपास येतो.

मोजलेल्या झोक्याशी हे जुळतं का? क्रांतिवृत्त म्हणजे आकाशातला सूर्याचा वर्षभराचा मार्ग. त्याच्या ध्रुवाजवळचा तारा वर्षभरात वर्तुळ काढतो, क्रांतिवृत्तावरचा नुसती रेघ, मधले लंबवर्तुळ. गॅमा ड्रॅकोनिस क्रांतिवृत्तापासून ७५ अंशांवर आहे. त्याचा उत्तर-दक्षिण झोका साडेवीसची दुप्पट गुणिले ७५ अंशांचा साइन, म्हणजे सुमारे ३९.६ विकला. ब्रॅडलींच्या मोजणीजवळ. निम्मा हललेला दुसरा तारा? तो क्रांतिवृत्ताच्या बराच जवळ आहे, त्याचं लंबवर्तुळ चपटं.

मला यातली सर्वांत मजेची गोष्ट वाटते ती अशी की ताऱ्याचं अंतर हिशोबात कुठेच नाही. जवळचा असो वा लांबचा, आकाशाच्या एकाच भागातले सगळे तारे एकत्र सरकतात. त्यामुळे शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून हे कधीच कळलं नसतं. ओळंब्याशी तुलना केली, म्हणून कळलं. पराशय मात्र अंतरावर अवलंबून असतो, आणि या ताऱ्याचा तो ०.०२ विकलेच्या आसपास, म्हणजे ब्रॅडलींच्या हाती लागणंच शक्य नव्हतं. पहिला विश्वासार्ह पराशय बेसेल यांनी १८३८ साली दुसऱ्याच ताऱ्याचा दिला.

एक मर्यादाही आहे. दिसतो तो वेगातला बदल. सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगानं फिरतो. त्यानं तारे अडीच कलांपर्यंत, म्हणजे दीडशे विकलांपर्यंत सरकतात, पण ती दिशा जवळजवळ बदलतच नाही, म्हणून हे सरकणं लपून राहतं. वेग वळतो तेवढाच भाग हाती लागतो, वर्षाला विकलेच्या दोन लाखाव्या भागाएवढा. तो गाया उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०२० साली मोजला गेला.