समोरचा बुडाला तर पैसे कोण देतं? (निवेदन)

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, सकाळ. एक्सचेंज प्लाझाची काचेची इमारत, बाहेर रिक्षांची रांग.)

निफ्टीचा एक पुट ऑप्शन, म्हणजे निफ्टी ठरलेल्या आकड्याखाली गेला तर तेवढा फरक मिळण्याचा करार, कुणीतरी विकतो आणि कुणीतरी घेतो, घेणारा बसलेला असतो डोंबिवलीत आणि विकणारा कदाचित सुरतेत, दोघांची ओळख नाही, होणारही नाही. घेणारा पुटची किंमत, म्हणजे प्रीमियम, भरून मोकळा होतो, त्याचं जास्तीत जास्त नुकसान तेवढंच. विकणाऱ्याचं तसं नाहीये, त्याने आज थोडे पैसे घेतलेत आणि बदल्यात कबूल केलंय की मार्केट पडलं तर फरक मी देईन, मग तो फरक कितीही असो. म्हणजे सगळा करार एका अनोळखी माणसाच्या शब्दावर उभा आहे, आणि मार्केट जितकं जास्त पडेल तितकी त्याला तो शब्द मोडायची पाळी यायची शक्यता जास्त. घेणाऱ्याने पुट घेतलेला असतो नेमका त्याच दिवसासाठी.

तर मग तो पैसे लावतो कुणाच्या भरवशावर?

(दृश्य: दलाल स्ट्रीट. फिरोज जीजीभॉय टॉवर, दारातला बैलाचा पुतळा, चहावाला.)

इथे या गल्लीत कित्येक वर्षं भरवसा म्हणजे समोरचा दलाल. रिंगमधे उभं राहून सौदा व्हायचा, हिशोब सेटलमेंट आली की मिटायचा, आणि मधल्या दिवसांत समोरचा बुडाला तर त्याचा धक्का एकातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला. मार्च 1995 मधे एम. एस. शूजच्या शेअरमधले सौदे अडकले आणि बीएसईला चक्क तीन दिवस कामकाज बंद ठेवावं लागलं. सौदे झालेले, कागद तयार, पण पैसे येणार कुठून हेच कळेना. त्याच वर्षी ऑगस्टमधे एनएसईने वेगळी क्लिअरिंग कंपनी काढली, नॅशनल सिक्युरिटीज क्लिअरिंग कॉर्पोरेशन, एप्रिल 1996 पासून तिचं काम सुरू झालं, आज तिचं नाव एनएसई क्लिअरिंग. निफ्टीचे ऑप्शन त्यानंतर आले, 4 जून 2001 ला. हा क्रम लक्षात घ्या, आधी हमी देणारी यंत्रणा आली आणि मग ऑप्शन. आमच्या मते हे उलट झालं असतं तर ऑप्शनचा बाजार इथे टिकलाच नसता.

(दृश्य: ट्रेडिंग टर्मिनल, बाय आणि सेलच्या ओळी पळताहेत.)

ही कंपनी करते काय, तर स्क्रीनवर सौदा जुळला की ती मधे येऊन उभी राहते. डोंबिवलीवाल्याचा आणि सुरतवाल्याचा एकमेकांशी करार उरतच नाही, त्याचे दोन करार होतात, घेणाऱ्यासाठी विकणारी ती आणि विकणाऱ्यासाठी घेणारीही ती. याला नोव्हेशन म्हणतात. आता सुरतवाला बुडाला तरी डोंबिवलीवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही, त्याचं देणं क्लिअरिंग कॉर्पोरेशनवर आहे. पण नीट बघा, धोका काही गायब झाला नाही, तो सगळा उचलून एकाच ठिकाणी आणून ठेवला. आणि ज्याने तो उचललाय तो विकणाऱ्याला विचारणारच ना, की तुझ्या खिशात किती आहेत ते आधी दाखव. मार्जिन म्हणजे हेच.

(दृश्य: दादरमधलं ब्रोकरचं ऑफिस. आरएमएस डेस्क, दोन स्क्रीन, एका स्क्रीनवर लाल झालेल्या ओळी.)

ही ब्रोकरकडची रिस्क सांभाळणारी माणसं. बाहेरच्या खोलीत डीलर जोरजोरात बोलत असतात, इथे आवाज फक्त फोनचा. या ताई सकाळपासून एकच वाक्य वेगवेगळ्या लोकांना सांगताहेत: "सर, मार्जिन शॉर्ट दाखवतंय, अर्ध्या तासात फंड टाका, नाहीतर आम्हाला पोझिशन कापावी लागेल." पोझिशन कापणं म्हणजे त्याचा उघडा सौदा बंद करून टाकणं. पलीकडचा चिडतो, त्या चिडत नाहीत. "मला कळतंय सर, पण टाका."

चिडणाऱ्याचं म्हणणं काय असतं तर एवढं मार्जिन कशाला, माझा ऑप्शन तर शून्यच होणार आहे. त्याचं उत्तर एका खऱ्या दिवसावर मांडून बघू.

(दृश्य: 4 जून 2024 चा निफ्टीचा चार्ट, उभी लाल कांडी.)

3 जून 2024. लोकसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी निफ्टी 23,263.90 वर बंद झाला. समजा कुणीतरी त्या संध्याकाळपर्यंत 6 जूनच्या एक्स्पायरीचा, म्हणजे त्या दिवशी संपणारा, 23,000 चा पुट विकून ठेवलाय, निफ्टी 23,000 च्या जेवढा खाली तेवढा फरक त्याने द्यायचा, 250 रुपये प्रीमियमने (हा भाव हिशोबापुरता धरलेला), आणि नग एक हजार, तेव्हाच्या 25 च्या लॉटने 40 लॉट. अडीच लाख रुपये मिळाले. छान वाटतं.

आता क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्याच पोझिशनकडे कशी बघते ते सांगतो. तिच्याकडे स्पॅन नावाची पद्धत आहे, शिकागोच्या एक्सचेंजने 1988 मधे काढलेली, आज जगभर वापरतात. ती अंदाज बांधत बसत नाही की उद्या काय होईल, ती पोझिशनला सोळा प्रसंगांतून काढते, भाव एवढा वर, तेवढा खाली, वोलॅटिलिटी, म्हणजे भावाची चढउतार, वाढली, कमी झाली, आणि त्यातलं सगळ्यात वाईट नुकसान धरते. निर्देशांकासाठी भावाचा हा पट्टा किमान 9.3 टक्के ठेवायचा असा बाजार नियामक सेबीचा 2020 पासूनचा नियम. 23,263 च्या 9.3 टक्के खाली गेलं की येतं साधारण 21,100. तिथे 23,000 च्या पुटवर देणं होतं 1,900 रुपये, हजार नगांवर 19 लाख. त्यातले अडीच लाख त्याला प्रीमियमचे मिळालेत, म्हणजे खिशातले हवेत साडेसोळा लाख, वर एक्स्पोजर मार्जिन म्हणून करारमूल्याच्या दोन टक्के, ते झाले साधारण साडेचार लाखांवर. एकूण स्वतःचे 21 लाख. अडीच लाख कमवायला 21 लाख अडकवून ठेवा, म्हणून लोक ओरडतात.

4 जूनला निकालाचे आकडे यायला लागले आणि निफ्टी दिवसभरात 21,281.45 पर्यंत गेला. त्या क्षणी या पुटवर फक्त इंट्रिन्सिकच, म्हणजे 23,000 आणि निफ्टी यांतला फरकच, 1,718 रुपयांच्या वर, हजार नगांवर 17 लाख 18 हजार. आदल्या दिवशी बाजूला ठेवायला लावलेले होते 19 लाख आणि वर एक्स्पोजर. पुरलं. एवढ्या मोठ्या पडझडीत, भाव अगदी तळाला असतानाही पुरलं, आणि ज्याच्याकडे तो पुट होता तो त्या मिनिटाला विकून बाहेर पडला असता तर त्याचे पैसे दुसऱ्या दिवशी हिशोबात जमा. त्याला विकणारा कोण होता, तो रडत होता का, हे कळायचंही कारण नाही.

(दृश्य: परत दादरचं ऑफिस. फोन.)

ऑप्शनमधे फ्युचरसारखा रोजचा नफा-तोटा रोख हातात येत-जात नाही, त्याऐवजी मार्जिनच नव्या भावाने परत मोजतात, दिवसातून अनेकदा. भाव पडला की विकणाऱ्याचं लागणारं मार्जिन वाढतं, ठेवलेलं तारण कमी पडायला लागतं, ब्रोकरचं एकूण तारण ठराविक टक्क्यापर्यंत वापरलं गेलं की त्याला नवीन पोझिशन घेता येत नाही, फक्त कमी करता येते, आणि शंभर टक्के झालं की टर्मिनल बंद. हे आरएमएसवाल्यांचे फोन त्या रेषेच्या अलीकडचे आहेत.

आणि इथेच खरी तक्रार असते. 5 जूनला निफ्टी 22,620 वर परत आला, 6 जूनला एक्स्पायरीला 22,821.40 वर बंद झाला. म्हणजे तो 23,000 चा पुट शेवटी संपला 178 रुपये 60 पैशांवर, आणि 250 ला विकणारा, जर शेवटपर्यंत टिकला असता, तर नफ्यात होता! 4 तारखेला ज्यांची पोझिशन कापली गेली ते अजून हेच सांगतात, मार्केट आलं होतं ना परत. आलं, पण 4 जूनच्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनने मार्केट परत येईल या आशेवर थांबायचं ठरवलं तर ती आशा घेणाऱ्याच्या पैशांवर असते. आमचं मत सरळ आहे, विकणाऱ्याला थांबायचं असेल तर स्वतःच्या पैशांवर थांबावं.

(दृश्य: कागदावर काढलेली पायऱ्यांची आकृती, पेनने एकेक पायरी खोडली जाते.)

मार्जिनही पुरलं नाही तर? ग्राहक बुडाला तर देणं ब्रोकरवर, तो नाही तर त्याच्या वतीने क्लिअरिंग कॉर्पोरेशनशी हिशोब करणाऱ्या क्लिअरिंग मेंबरवर. तोही बुडाला तर आधी त्याचंच सगळं तारण आणि ठेवी वापरतात. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्वतःच्या पैशांतला एक हिस्सा घालते. मग कोअर सेटलमेंट गॅरंटी फंड, म्हणजे अशा वेळेसाठी सगळ्यांनी मिळून ठेवलेला निधी, सेबीच्या 2014 च्या नियमाप्रमाणे यात किमान निम्मा वाटा क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा, किमान पाव एक्सचेंजचा, सदस्यांकडून फार तर पाव. मग तिची उरलेली साधनं, मग न बुडालेल्या सदस्यांकडून ठराविक मर्यादेपर्यंत वर्गणी, आणि अगदी शेवटी, काहीच उरलं नाही तर, घेणाऱ्यांना मिळायच्या पैशांत कपात. ही शेवटची पायरी नियमात लिहिलेली आहे, म्हणून हमी म्हणजे अमर्याद असं कुणी समजू नये. सप्टेंबर 2018 मधे स्टॉकहोमच्या नॅस्डॅक क्लिअरिंगमधे विजेच्या सौद्यांचा एकच नॉर्वेजियन ट्रेडर बुडाला, मार्जिन कमी पडलं, पोझिशन लिलावात काढली तर बोली लावायला मोजकेच लोक, आणि 11 कोटी 40 लाख युरोच्या खड्ड्यातले 10 कोटी 70 लाख इतर सदस्यांच्या फंडातून गेले. समोरच्यांना पैसे मिळाले.

(दृश्य: मोबाइल स्क्रीन, कोलॅटरलचा तपशील.)

एक गोष्ट बहुतेकांना उलटी माहीत असते. ही हमी समोरचा बुडाला तर आहे, तुमचा स्वतःचा ब्रोकर बुडाला तर हीच हमी तुमच्यापर्यंत पोहोचेल असं नाही, कारण क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा हिशोब क्लिअरिंग मेंबरशी असतो. पूर्वी सगळ्या ग्राहकांचं तारण एका ढिगात असायचं, कुणाचं किती ते वरून दिसायचं नाही. 2 मे 2022 पासून प्रत्येक ग्राहकाचं तारण वेगळं दाखवावं लागतं, आणि ब्रोकरने तुमच्या नावावर किती कळवलंय ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या पोर्टलवर नोंदणी करून स्वतः बघता येतं. ब्रोकरच्या ॲपवर दिसणारा आकडा आणि तिथला आकडा शेजारी ठेवा, त्याच तारखेचे, आणि फरक असेल तर ब्रोकरला लेखी विचारा.