चिमणीचा पाइप आणि सिलेंडरची जाळी

पिंपरीतला हा टू बीएचके. चिमणी ऐन फुल स्पीडवर सुरू आहे, तरी फोडणी दिली की ठसका थेट हॉलपर्यंत. काकू म्हणतात चिमणीच खराब निघाली, पण आपण जरा लॉफ्टचं दार उघडून बघू.

हा बघा पाइप. चिमणी आतल्या भिंतीवर आणि भोक पार ड्राय बाल्कनीत, म्हणून १४ फूट फिरवलाय, त्यात तीन काटकोनी वळणं, आणि चुणीदार ॲल्युमिनियमचा पाइप नीट ताणलेला पण नाही, त्यामुळे प्रत्येक चुणीत तेल साचून चिकट झालंय. शेवटी तर कहरच, ६ इंची पाइपला रिड्युसर लावून ४ इंचाच्या भोकात कोंबलाय. दिसायला दोनच इंच कमी, पण हवेची वाट निम्म्याहून कमी होते.

दुरुस्ती म्हणजे शेगडी आणि चिमणी दोन्ही बाहेरच्या भिंतीकडे सरकवली, कोअर कटिंगवाल्याकडून ६ इंचाचं भोक पाडून घेतलं, आता पाइप ४ फूट आणि वळण एकच, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

आता एक गंमत. चिमणीच्या फिल्टरला पेपर लावून बघा. खिडकी बंद, पेपर खाली पडला. खिडकी चार बोटं उघडली, चिकटला. बाहेरून हवा आलीच नाही तर चिमणी ओढणार काय?

शेगडी हलली म्हणजे सिलेंडरही हलला, कारण रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब घ्यायची नाही. सुतारानं ओट्याखाली छान गुळगुळीत शटर लावून दिलं होतं, एक फट नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली की पाण्यासारखा खाली उतरतो आणि त्या बंद खणात साठत राहतो. म्हणून शटरला अगदी जमिनीलगत जाळी कापून घेतली, वर एक छोटी. आणि सिलेंडर उभाच, आडवा कधीच नाही.

उद्या पाइपलाइन आली की हिशोब उलटा. तो गॅस हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, तेव्हा जाळी खिडकीच्या वरच्या भागात हवी, आणि पाइप फर्निचरमागे झाकायचा नाही, मग सुतार कितीही म्हणो की दिसायला बरं नाही दिसत.

काकूंनी जाता जाता विचारलं, गॅसचा वास आला तर चिमणी लावू ना? बऱ्याच घरांत हेच करतात. नको! बटणाची, मोटरची ठिणगी पुरते, शिवाय एलपीजी तर खाली फरशीवर पसरलेला असतो. कुठलंच बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.