काजळासारखे डाग

अंघोळीआधी आजी नातीच्या पोटाला तेल चोळतेय. मुलगी पावणेदोन वर्षांची. डाव्या बरगडीखाली आजीचा हात थांबतो. काहीतरी कडक, ओबडधोबड लागतंय आणि ते बेंबी ओलांडून पलीकडे गेलंय.

तीन आठवडे ही मुलगी कडेवरून उतरायला तयार नव्हती. उभी केली की रडायची. अंगात बारीक ताप, चेहरा पांढुरका. दात येत असतील, असं घरच्यांना वाटलं. मग दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे डाग उमटले, काजळ फिसकटल्यासारखे. पुसले तरी जाईनात, आणि मुलगी कुठे पडलीही नव्हती.

ही मुलगी आम्ही अनेक मुलांच्या लक्षणांवरून उभी केली आहे. लक्षणं मात्र खरी आहेत.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते अ‍ॅड्रिनल ग्रंथी. तिच्या गाभ्यातल्या पेशी मज्जातंतूंच्या नात्यातल्या. गर्भात त्यांची वाढ अर्धवट राहून बिघडली, तर न्यूरोब्लास्टोमा होतो. हा लहानग्यांचा कर्करोग, बहुतेकदा पाच वर्षांच्या आत दिसणारा. तो हाडांत लवकर पसरतो. पायाच्या हाडात शिरला की मूल लंगडतं, अस्थिमज्जेत शिरला की रक्त कमी होतं, डोळ्याच्या खोबणीत शिरला की ते डाग येतात. म्हणूनच पाय, ताप आणि डोळे यांच्यासाठी तीन वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी प्रत्येकाला तिन्ही गोष्टी सांगा. एकेकटं लक्षण साधंच वाटतं.

पहिली तपासणी पोटाची सोनोग्राफी. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. गाठ भरीव आहे की पाण्याची, मूत्रपिंडातून निघाली की त्याच्या वरून, याचा अंदाज तिथेच येतो. हा फरक मोलाचा आहे. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ असलेलं मूल बरेचदा खेळतं-खातं असतं; या मुलीसारखं मलूल नसतं.

सोबत रक्ताची तपासणी, आणि लघवीची. या गाठी अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातली रसायनं बनवतात. त्यांचे उरलेले अंश, व्हीएमए आणि एचव्हीए, लघवीतून बाहेर पडतात. बहुतेक मुलांमध्ये ते वाढलेले सापडतात. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाठ विसरायची नाही.

अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातली गाठ दुर्मीळ, आणि तिची चाहूल वेगळी: दोन-तीन वर्षांच्या मुलाला जांघेत केस, चेहऱ्यावर मुरमं. तिथे रक्तातले हॉर्मोन तपासतात.

आपल्या मुलीच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या बाजूला भरीव गाठ दिसते, आत चुन्याचे ठिपके. लघवीतले दोन्ही अंश वाढलेले. त्याच आठवड्यात तिला मुलांच्या कर्करोग विभागात पाठवतात. पुढे सीटी किंवा एमआरआय, रोग कुठवर पसरलाय ते दाखवणारा एमआयबीजी स्कॅन, गाठीचा तुकडा. अस्थिमज्जा कमरेच्या दोन्ही बाजूंनी काढतात, कारण रोग एका बाजूला असून दुसऱ्या बाजूच्या नमुन्यात नसू शकतो. त्यासाठी मुलीला भूल देऊन झोपवतात. तोवर आजी तिला मांडीवर घेऊन बसली आहे. पोटावर आता कुणी तेल चोळत नाही, कुणी दाबून बघत नाही.