लिमिटरचे शेवटचे सहा डेसिबल

गाण्याचं मिक्स झालेलं आहे, सगळं जागच्या जागी बसलंय, आणि आता ऑनलाइन टाकण्याआधी फक्त आवाज वर आणायचा राहिलाय. आज मला बोलायचंय ते एवढ्या एका टप्प्याबद्दल: आवाज वर आणताना गाणं निर्जीव, सपाट किंवा फाटलेलं वाटू नये यासाठी काय करायचं. एकच गाणं घेऊ आणि त्याचे आकडे लावून बघू.

समजा गाण्यात ड्रम्स, बेस, दोन गिटार आणि एक गायिका आहे. मास्टर चॅनलवर काहीही लावलेलं नाही. लाउडनेस मीटर लावून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, तर इंटिग्रेटेड लाउडनेस येतो उणे १९ एलयूएफएस आणि सगळ्यात उंच ट्रू पीक येतो उणे ४ डेसिबल. पहिला आकडा अख्खं गाणं कानाला साधारण किती मोठं लागतं ते सांगतो. दुसरा सांगतो की त्याची लाट जास्तीत जास्त कुठवर उसळते. या दोन आकड्यांमधलं अंतर आहे १५ डेसिबल, आणि आपलं सगळं बोलणं या अंतराबद्दलच आहे. किक आणि स्नेअर अंगावर येतात ते याच जागेत.

आता लिमिटर लावू, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेवर जाणारी लाट दाबणारं साधन. त्याचं सीलिंग उणे १ वर ठेवू, म्हणजे लाट त्याच्यावर जाणार नाही. पीक उणे ४ वर होता, तेव्हा पहिले ३ डेसिबल आपण फुकटात वाढवू शकतो. लिमिटरला काहीच करावं लागत नाही आणि गाणं उणे १६ वर येतं. आणखी २ डेसिबल वाढवले की उणे १४. इथे लिमिटर कामाला लागतो, पण दाबतो ते फक्त किकचे आणि स्नेअरचे अगदी टोकाचे फटके, आणि तेही जास्तीत जास्त २ डेसिबलनी. बहुतेक मिक्समध्ये हे कानाला कळतही नाही.

बरेच जण इथे थांबत नाहीत. दुसऱ्या कुणाचं गाणं शेजारी लावून बघतात, ते मोठं वाटतं, आणि मग आपलं गाणं उणे ८ पर्यंत रेटतात. म्हणजे आणखी ६ डेसिबल. खरं तर त्याहून जास्तच, कारण जितकं दाबाल तितका लाउडनेसही थोडा खाल्ला जातो.

आणि हे गाणं स्पॉटिफायवर गेल्यावर काय होतं? तिथे नेहमीची सेटिंग असेल तर गाणी उणे १४ च्या आसपास आणून वाजवली जातात. तुमचं उणे ८ चं गाणं ६ डेसिबलनी खाली ओढलं जातं. त्याचे पीक होते उणे १ वर, ते आता उणे ७ वर. न रेटलेली आवृत्ती वाजते तेव्हा तिचे पीक उणे १ वरच असतात. ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच मोठ्या लागतात, पण एकीत किकला उसळायला ६ डेसिबल जागा आहे आणि दुसरीत ती आपणच बुजवून टाकली आहे. वाढवलेला आवाज परत गेला, दाबलेलं मात्र दाबलेलंच राहिलं.

उणे १४ हा काही पास होण्याचा आकडा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. ऐकणारा ही सेटिंग बंद करू शकतो, आणि सगळ्या सेवा एकाच पातळीवर वाजवत नाहीत. मुळातच घट्ट, भरगच्च बांधलेलं संगीत उणे ९ वरही छान वाजतं, कारण ती घट्ट बांधणी मिक्समध्येच झालेली असते. प्रश्न आकड्याचा नाही, तिथे पोचताना लिमिटरला किती आणि कशावर राबवलं याचा आहे.

निर्जीव सपाटपणा नेमका कुठे दिसतो ते याच गाण्यात बघा. मूळ मिक्समध्ये कडवं होतं उणे २२ च्या आसपास आणि ध्रुवपद उणे १७ वर. ध्रुवपद आलं की गाणं ५ डेसिबलनी उघडायचं. रेटल्यावर कडवं जवळजवळ पूर्ण वाढ घेऊन वर आलं, कारण तिथे दाबण्यासारखं फार नव्हतं. ध्रुवपद मात्र सतत सीलिंगला अडकलं. आता दोघांत उरला २ डेसिबलचा फरक. गायिका जीव तोडून गातेय आणि गाणं आहे तिथेच आहे. शॉर्ट-टर्म लाउडनेसचा, म्हणजे अख्ख्या गाण्याऐवजी मागच्या काही सेकंदांच्या लाउडनेसचा, आकडा कडव्यात आणि ध्रुवपदात वाचून लिमिटरच्या आधीचा आणि नंतरचा फरक ताडून बघा. सपाटपणा मोजायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

फाटलेपणाचं कारण वेगळं असतं, आणि बहुतेक वेळा ते रिलीजमध्ये सापडतं, म्हणजे दाबलेला आवाज परत सोडायला लिमिटर जो वेळ घेतो त्यात. बेसचा ५० हर्ट्झचा स्वर घ्या. त्याची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक टोक, कधी वर, कधी खाली. रिलीज जर ५ मिलिसेकंदांवर असेल तर लिमिटर प्रत्येक टोकाला दाबतो आणि पुढचं टोक यायच्या आत सोडून देतो. तो आवाज कमी करत नाही, लाटेचा आकारच बदलतो, आणि आकार बदलला की मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात. तीच ती खरखर. रिलीज १०० मिलिसेकंदांच्या आसपास नेला की खरखर जाते, पण मग प्रत्येक किकनंतर गायिकेचा आवाज क्षणभर मागे जाऊन परत पुढे येताना ऐकू येऊ लागतो. दोन्हीच्या मध्ये जागा सापडेपर्यंत फिरवत राहायचं. सापडतच नसेल, तर लिमिटरकडून जास्त मागितलं जातंय असं समजा.

गाण्यात ही खरखर कुठे ऐकायची? जिथे बेस लांब धरलेला आहे आणि ड्रम्स थांबलेले आहेत अशा जागी. ड्रम्स चालू असताना खरखर त्यांच्या मागे लपते. आणि तुलना करताना लिमिटरनी जितका आवाज वाढवला तितकाच कमी करून मगच चालू-बंद करा. नाहीतर कान मोठ्या आवाजाला भुलणार, हे ठरलेलं.

एवढं करूनही लाउडनेस कमी पडत असेल, तर लिमिटर कशावर हलतोय ते बघा. समजा, लिमिटरचा मीटर प्रत्येक किकला ५ डेसिबल खाली जातोय आणि बाकी वेळ स्वस्थ आहे. म्हणजे एकट्या किकसाठी सगळ्या गाण्याला दाबलं जातंय. अशा वेळी मिक्समध्ये परत जा. किक २ डेसिबलनी खाली घ्या, ३० हर्ट्झच्या खालचा जवळजवळ ऐकू न येणारा भाग कापा, आणि किक व बेस एकाच क्षणी एकाच पट्ट्यात आदळत असतील तर बेसला तेवढ्यापुरतं बाजूला करा. परत लिमिटर लावल्यावर तोच लाउडनेस निम्म्या दाबात मिळू शकतो, आणि गायिकेला हातही लागत नाही.

शेवटी सीलिंग. ते शून्यावर का ठेवायचं नाही? फाइलमधले नमुने, म्हणजे ठरावीक क्षणांना मोजलेल्या लाटेच्या उंच्या, शून्याखाली असले तरी त्यांच्या मधून जाणारी प्रत्यक्ष लाट वर जाऊ शकते. शिवाय सेवा तुमची फाइल दाबून लहान करते, त्यात लाट थोडी बदलते आणि नवे पीक तयार होतात. गाणं जितकं जास्त रेटलेलं, तितका हा धोका मोठा. म्हणून लिमिटर ट्रू पीक मोडवर ठेवा, सीलिंग उणे १ वर, आणि गाणं उणे १४ पेक्षा मोठं असेल तर उणे २ वर. मग तयार फाइलची एमपीथ्री किंवा एएसी करून ती परत प्रोजेक्टमध्ये ओढा आणि तिचा ट्रू पीक मोजा. शून्याच्या वर गेलेला दिसला, तर सीलिंग अर्धा डेसिबल खाली घेऊन फाइल पुन्हा काढा.