पाचशे दिवसांची उतरंड: छोट्या पोर्टफोलिओचा एका दिवसाचा व्हार

[पडदा कोरा. एकच आकडा उमटतो: 16,200]

निवेदक:
पोर्टफोलिओचं आजचं मूल्य 10,00,000. एका दिवसाच्या संभाव्य तोट्याचा अंदाज, म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क किंवा व्हार, 95 टक्के पातळीवर 16,200. हा आकडा नेमका कुठून आला ते आधी पाहू, कारण तो कसा वाचायचा हे त्यावरच ठरतं.

पोर्टफोलिओत तीनच गोष्टी आहेत. पहिल्या शेअरमध्ये 50 टक्के रक्कम, दुसऱ्यात 30 टक्के आणि उरलेली 20 टक्के एका रोखे फंडात. तिघांचे मागच्या 501 दिवसांचे बंद भाव घ्यायचे. 501 भावांतून 500 दैनिक परतावे मिळतात. आजचा भाव भागिले कालचा भाव, वजा एक, एवढंच. इथे साधा परतावाच वापरायचा, लॉग परतावा नाही. वेगवेगळ्या गुंतवणुकींचे लॉग परतावे भारानुसार जोडले, तर पोर्टफोलिओचा परतावा अचूक येत नाही.

[पडद्यावर शीट. एक ओळ ठळक होते]

आता ही एक ओळ बघा. त्या दिवशी पहिला शेअर 2.4 टक्के पडला, दुसरा 1 टक्का पडला आणि रोखे फंड 0.2 टक्के वर गेला. भारांनी गुणलं की वजा 1.20, वजा 0.30 आणि अधिक 0.04. बेरीज वजा 1.46 टक्के. आजच्या 10 लाखांवर हा तोटा 14,600 होतो.

यातला भार आजचा आहे, त्या दिवशीचा नाही. दोन वर्षांपूर्वी पहिला शेअर कदाचित 20 टक्केच असेल, किंवा नसेलही. त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. प्रश्न असा आहे की बाजाराचा तो दिवस आजच्या पोर्टफोलिओवर आला असता, तर काय झालं असतं. खात्याचा जुना नफातोटा घेऊन व्हार काढला, तर आता हातात नसलेल्या पोर्टफोलिओची जोखीम मोजली जाते. ही चूक वरवर पाहता दिसत नाही, कारण आकडा पटण्यासारखाच येतो.

परतावे B, C, D स्तंभांत आणि भार H1 ते J1 मध्ये असतील, तर E स्तंभात हे सूत्र 500 ओळी खाली ओढायचं:

```
=SUMPRODUCT(B2:D2,$H$1:$J$1)
```

मग पाचशे परतावे सर्वांत वाईटापासून उतरंडीसारखे लावायचे. 500 चे 5 टक्के म्हणजे 25. वाईटाकडून पंचविसावा दिवस वजा 1.62 टक्क्यांचा आहे. तोच आपला 16,200. 99 टक्के पातळीसाठी पाचवा दिवस घ्यायचा: वजा 2.94 टक्के, म्हणजे 29,400.

```
=SMALL(E2:E501,25)
=SMALL(E2:E501,5)
```

अनेकजण इथे PERCENTILE.INC वापरतात. ते चूक नाही, पण ते सूत्र दोन दिवसांच्या मधला आकडा काढतं. 500 परताव्यांत 1 टक्क्याची जागा 5.99 येते, म्हणजे जवळजवळ सहावा दिवस. आपल्या यादीत सहावा दिवस वजा 2.71 आहे, त्यामुळे उत्तर 29,400 ऐवजी सुमारे 27,100 येतं. माहिती तीच, फरक फक्त सूत्राचा. कोणतीही एक रीत धरा आणि ती बदलू नका.

[उतरंडीचं वरचं टोक जवळून: −5.12, −4.30, −3.65, −3.21, −2.94]

आकडा हाती आला की आधी यादीचं हे टोक बघायचं आणि पाचही दिवसांच्या तारखा तपासायच्या. भाव समायोजित नसतील तर घोळ इथेच सापडतो. पहिल्या शेअरचं एकास दोन असं विभाजन झालं आणि भाव तसेच घेतले, तर त्या दिवशीचा परतावा वजा 50 टक्के दिसतो आणि पोर्टफोलिओ जवळपास 25 टक्के पडलेला दिसतो. प्रत्यक्षात कुणाचा एक पैसाही गेलेला नसतो. गंमत म्हणजे यात 95 टक्क्यांचा व्हार फारसा हलत नाही, यादी फक्त एका जागेने सरकते. म्हणून तेवढाच आकडा पाहणाऱ्याला ही चूक कळतच नाही. याच पाच दिवसांची सरासरी मात्र 3.84 टक्क्यांवरून 8.26 टक्क्यांवर उडी मारते.

दुसरा घोळ सुट्ट्यांचा. फंडाचा भाव एखाद्या दिवशी जाहीर झाला नाही आणि रिकामी जागा आदल्या दिवसाच्या भावाने भरली, तर त्या दिवशी शून्य परतावा येतो आणि पुढच्या दिवशी दोन दिवसांची हालचाल एकदम. तिघांचेही भाव असलेले दिवसच घेणं जास्त चांगलं.

[पडद्यावर पुन्हा 16,200]

आता वाचन. 16,200 ही नुकसानीची कमाल मर्यादा नव्हे. मागच्या 500 दिवसांसारखेच दिवस पुढे आले, तर वीसपैकी साधारण एकोणीस दिवशी तोटा याच्या आत राहील, इतकंच हा आकडा सांगतो. 250 दिवसांच्या वर्षात बारा-तेरा दिवस तो ओलांडला जाणं अपेक्षितच आहे. ओलांडल्यावर तोटा कुठवर जाईल, याबद्दल व्हार गप्प असतो. म्हणून 99 टक्क्यांच्या 29,400 शेजारी त्या पाच वाईट दिवसांची सरासरीही लिहावी: 38,440. याला अपेक्षित तूट म्हणतात. माझ्या मते छोट्या पोर्टफोलिओसाठी ही जोडी एकट्या व्हारपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? दिवस एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तरी पाच टक्के शक्यतेची घटना 500 दिवसांत नेमकी 25 वेळाच घडेल असं नाही. ती साधारण 15 ते 35 वेळा घडू शकते. आपल्या यादीत पंधरावा दिवस वजा 2.05 आणि पस्तिसावा वजा 1.38 आहे. म्हणजे 16,200 चं प्रामाणिक वाचन "अंदाजे 14 ते 20 हजार" असं आहे. प्रत्यक्षात वाईट दिवस गटाने येतात, त्यामुळे हा पट्टा आणखी रुंद धरावा. 99 टक्क्यांचा आकडा तर जेमतेम पाच दिवसांवर उभा आहे.

म्हणूनच तो कधीकधी कारण नसताना हलतो. वजा 5.12 चा दिवस 500 दिवसांच्या चौकटीबाहेर गेला आणि नवा दिवस शांत आला, की पाचव्या जागी वजा 2.71 येतो. व्हार एका रात्रीत 29,400 वरून 27,100 होतो. बाजारात काहीच बदललेलं नसतं, फक्त एक जुना दिवस गळालेला असतो. असा बदल दिसला की आधी काय गळालं ते बघावं.

[तारखांची पट्टी. काही दिवसांवर लाल खुणा]

तपासणीसाठी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा व्हार नोंदवून ठेवायचा आणि प्रत्यक्ष तोट्याशी ताडून बघायचा. बँकांसाठी बासल समितीने 1996 मध्ये यासाठी पट्टे आखले. 99 टक्के पातळीवर 250 दिवसांत चारपर्यंत उल्लंघनं हिरव्या पट्ट्यात, पाच ते नऊ पिवळ्यात, दहा किंवा जास्त लाल पट्ट्यात. हेच पट्टे छोट्या पोर्टफोलिओलाही लावता येतात.

पण मोजणीइतकंच खुणा कुठे पडल्यात हेही बघायचं. वर्षभरात विखुरलेली चार उल्लंघनं आणि एकाच पंधरवड्यात आलेली चार उल्लंघनं, दोन्ही हिरव्या पट्ट्यातच बसतात. दुसऱ्या प्रकारात मात्र बाजार खवळलाय आणि पाचशे दिवसांची यादी अजून शांत दिवसांनीच भरलेली आहे. ऐतिहासिक पद्धत सगळ्या दिवसांना सारखंच वजन देते, त्यामुळे ती उशिरा जागी होते. अशा वेळी तेच सूत्र शेवटच्या 100 दिवसांवर चालवून पाचवा वाईट दिवस घ्या. 95 टक्क्यांचा तो आकडा 16,200 च्या दीडपट किंवा जास्त आला, तर निर्णयासाठी तोच मोठा आकडा धरावा.