‘फक्त एक बाथरूम वाढवा’

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप. समोर बसलेले बहुतेक जण घर बांधणारे, बांधून घेणारे आणि होमस्टे काढायच्या विचारात असलेले होते.)

मंडळी, इथे मच्छीमार बसले असतील तर त्यांना माझा विषय लगेच कळेल. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. त्या दिवशी होडी वर यायलाच हवी, मग जाळं विणून झालेलं असो वा नसो. कोकणात घर बांधणाऱ्याचंही असंच आहे. मृग ७-८ जूनला लागतं, पण आपला दिवस त्याच्याही आधीचा. वळवाच्या सरी मे महिन्यातच येतात. मी गेली बावीस वर्षं ठेकेदारी करतोय आणि माझ्या वहीत एकच तारीख लाल शाईने असते, २५ मे. त्या दिवशी कौलं चढलेली पाहिजेत.

आज मला बोलायचंय ते मधेच येणाऱ्या फोनबद्दल. काम अर्ध्यावर असतं, मालकाचा मुलगा मुंबईहून फोन करतो, ‘काका, फक्त एक बाथरूम वाढवा ना.’ हे ‘फक्त’ फार महागात पडतं. सुरुवातीच्या काळात मी लगेच ‘हो, होईल’ म्हणायचो. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून. एका घराला असंच दोनतीनदा ‘होईल’ म्हटलं. जूनचा पहिला पाऊस आला तेव्हा अर्ध्या घरावर कौलं आणि अर्ध्यावर ताडपत्री. वाऱ्याने ताडपत्री उडाली, चिऱ्याच्या भिंती आतून पाणी प्यायल्या. चिरा भरपूर पाणी पितो हे तुम्हाला सांगायला नको. त्या भिंतींना गिलावा दिवाळीनंतर लागला आणि त्या वर्षीचा गणपती मालकाने भावाच्या घरी बसवला. त्याने मला शिव्या दिल्या नाहीत, पण नमस्कारही केला नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. फोनवर कशालाच हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. तारीख, मागणी आणि मागणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि सांगायचं, ‘दोन दिवसांत हिशेब करून सांगतो.’ हा हिशेब पैशांचा नंतर, आधी दिवसांचा.

आता एक घर तपशीलात बघू. चार खोल्यांचा होमस्टे, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. २० फेब्रुवारीला बांधकाम खिडकीच्या तळापर्यंत आलं होतं. पुढे एकामागून एक अशीच कामं होती. दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलपर्यंत चिरे १२ दिवस, लिंटेलची सेंट्रिंग, सळ्या आणि काँक्रीट ८, वरची बांधणी आणि गेबल १४, भिंतीच्या माथ्यावरचा काँक्रीटचा पट्टा ८, मग वासे आणि रिपा १५, शेवटी कौलं १०. एकूण ६७. त्यात शिमग्याचे ८ दिवस धरले, कारण शिमग्यात पालखी सोडून कोणी गवंडी चिऱ्याला हात लावत नाही आणि लावू नये. झाले ७५. आठवड्याची सुट्टी यात धरलेलीच आहे. म्हणजे कौलं ६ मेला पुरी. २५ मेपर्यंत हातात राहिले १९ दिवस. या १९ दिवसांना मी ‘शिल्लक’ म्हणतो, बँकेच्या पासबुकातल्यासारखं.

ही एकमेकांत अडकलेली कामांची साखळी म्हणजे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘क्रिटिकल पाथ’. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती पद्धत बसवली. त्यांच्याकडे संगणक होता, माझ्याकडे भिंतीला चिकटवलेला कागद आहे, आणि चार खोल्यांच्या घराला कागद पुरतो.

त्या आठवड्यात दोन मागण्या आल्या. पहिली, कुंपणाचा गडगा कमरेऐवजी छातीइतका उंच करा आणि लोखंडी गेट बसवा. दुसरी, कोपऱ्यातल्या खोलीला बाहेरून आठ बाय पाच फुटांचं बाथरूम जोडा, वर हजार लिटरची टाकी बसेल असा स्लॅब घाला.

ऐकताना पहिली मोठी वाटते. पैसे जास्त, चिरे जास्त. पण हिशेबाला बसलो तेव्हा ती घराच्या साखळीत कुठेच अडकत नव्हती. गडगा रचणारे लोक वेगळे असतात, घराची कौलं त्यांची वाट बघत नाहीत. फक्त एक गोष्ट तपासली. गेटचे खांब आधी उभे केले तर चिऱ्याचा ट्रक आत वळेल का? वळत नव्हता. म्हणून गेट सगळ्यात शेवटी, एवढीच अट घातली आणि मागणी घेतली. शिल्लक १९ च राहिली.

बाथरूमचं मात्र वेगळं. माझ्याकडे एकच टोळी होती, दोन गवंडी आणि चार गडी. बाथरूमला लागणारे त्यांचे दिवस मोजले. पाया खोदून भरणं ४, जोतं २, लिंटेलपर्यंत चिरे ६, लिंटेल २, वरची बांधणी ३, आणि स्लॅबची सेंट्रिंग, सळ्या, ओतणं मिळून ५. झाले २२. काँक्रीट घट्ट होण्याची वाट बघायचे दिवस यात नाहीत, कारण तेवढा वेळ टोळी मुख्य घरावर परत जाईल. पण २२ दिवस ती मुख्य घरावर नसेल हे नक्की. ६ मे अधिक २२, म्हणजे २८ मे. लाल तारखेच्या तीन दिवस पलीकडे.

इथे कोणीतरी विचारतं, दुसरी टोळी आणा ना! बरोबर आहे. दुसरी टोळी १ मार्चला उभी राहिली असती तर वाट बघायचे दिवस धरूनही बाथरूम पाच आठवड्यांत झालं असतं, मुख्य घराचा पट्टा घालायची वेळ येते त्याच सुमारास, आणि उशीर जवळजवळ शून्य. पण मार्च ते मे या किनाऱ्यावर प्रत्येक घर छपराच्या मागे धावत असतं. मी तिघांना विचारलं, तिघेही गुंतलेले. म्हणून कागदावरचा हिशेब हा शेवटी आपल्याकडे कोण माणसं आहेत त्याचा हिशेब असतो. तेच बाथरूम दुसऱ्या ठेकेदाराला फुकटात पडलं असतं.

दुसरी गोष्ट आमच्या गवंड्याने सांगितली. मी कागद घेऊन त्याच्याकडे बसलो, तर तो म्हणाला, ‘गडी आंब्याक जातले. पंधरा एप्रिलनंतर माझ्याकडे चार नाय, दोनच धरा.’ हापूस उतरायला लागला की बागेत मजुरी जास्त मिळते, जेवण मिळतं, आणि काम चिऱ्यापेक्षा हलकं. कागदावरचे शेवटचे एकवीस दिवस त्यामुळे ताणणार होते. किती, ते त्यालाही नक्की सांगता येईना. म्हणजे १९ ची शिल्लक मुळात पूर्ण १९ नव्हतीच. नवी मागणी आली की सुताराला, गवंड्याला आणि चिरेखाणवाल्याला विचारायचं, ते यासाठी. खाणवाल्याने त्याच दिवशी सांगितलं की अडीचशे-तीनशे जादा चिरे हवे असतील तर मार्चमध्ये उचला, पावसात खाण बंद.

मग मालकाच्या मुलासमोर ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असं न ठेवता तीन रस्ते ठेवले. एक, आत्ता पूर्ण करायचं, छप्पर २८ मेच्याही पुढे जाईल आणि पाऊस लवकर आला तर भिंती भिजतील, हे त्याने लिहून मान्य करायचं. दोन, बाथरूम करायचं पण त्याबदल्यात समोरच्या पडवीचं बांधकाम दिवाळीनंतर. तीन, आत्ता फक्त तेवढंच करायचं जे नंतर करणं अवघड होईल. बाकी पावसानंतर.

तिसऱ्यात काय काय येतं हे समजून घ्या, खरं कौशल्य तिथे आहे. पाया आणि जोतं आत्ताच, कारण सांडपाण्याचा पाइप भराव टाकण्याआधी जोत्याखालून जायला हवा. दरवाजाची जागा आत्ताच मोकळी ठेवायची, नाहीतर नंतर पक्की भिंत फोडावी लागते. आणि माथ्याच्या पट्ट्यातून बाहेर सळ्या सोडून ठेवायच्या, म्हणजे नंतरचा स्लॅब त्यांना जोडता येईल. हे सगळं टोळीचे ६ दिवस. स्लॅब नंतर ओतला की खालचे टेकू सात दिवस ठेवायचे, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ तेवढे सांगतं. ते दिवसही मग मे महिन्यातून दिवाळीनंतर सरकतात, जिथे कोणालाच घाई नसते.

यात एक मेख आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, उघड्या सळ्या एका पावसाळ्यात गंजून सोलायला लागतात. त्यांना सिमेंटचं घट्ट पाणी फासून वर प्लास्टिकचा पाइप चढवला आणि तोंड बांधलं. हे ‘नंतर करू’चं भाडं आहे. पुढे ढकललेलं काम फुकट थांबत नाही, आणि ते भाडंही हिशेबात लिहावं लागतं.

मुलाने तिसरा रस्ता घेतला. शिल्लक १९ वरून १३ वर आली आणि तीच वहीत लिहिली. त्यानंतर प्रत्येक मागणीला मी हीच वही उघडून दाखवायचो. स्वयंपाकघराची खिडकी दीड फूट सरकवा, असा मार्चअखेर फोन आला. दोन दिवस. घेतली, उरले ११. व्हरांड्याला कमान हवी, सेंट्रिंग धरून चार दिवस. तेव्हा मुलानेच विचारलं, ‘काका, मग उरतात किती?’ ‘सात.’ ‘आणि आंब्याचे?’ कमान राहून गेली. एकेक मागणी दोन-दोन दिवसांचीच असते. मोठी कुऱ्हाड कोणी मारत नाही, वाळवी खाते, आणि वहीत आकडा नसेल तर ती ऐकू येत नाही.

एक बारकी गोष्ट. हेच बाथरूम नोव्हेंबरमध्ये, पायाची चर खोदत असताना मागितलं असतं तर? त्याचा पाया घराच्या पायाबरोबर खोदला गेला असता, लिंटेल आणि पट्टा एकाच सेंट्रिंगमध्ये बसले असते. २२ ऐवजी माझ्या अंदाजाने दहा-बारा दिवस, आणि तेव्हा मोसमाची सगळी शिल्लक हातात. म्हणून आता आराखडा ठरवताना मी मालकाला एक पूर्ण रविवार घरच्या सगळ्यांबरोबर बसायला लावतो, मुंबईच्या मुलासकट, सुनेसकट. बाथरूम किती हवीत हे बहुतेक वेळा सूनच सांगते.

प्रत्यक्षात आंब्याने सात दिवस खाल्ले, तेवढेच होतील असं मला अजिबात वाटलं नव्हतं, जास्तच वाटले होते. शेवटचं कौल २१ मेला चढलं. पहिला वळीव दोन दिवसांनी आला.

दरवाजाची मोकळी जागा आम्ही मातीत सुके चिरे रचून बुजवली होती आणि आतून कपाट ठेवलं होतं. गणपतीला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाला कळलंही नाही. दिवाळी झाल्यावर गवंड्याने कपाट बाजूला केलं, पहाटे चिरे उतरवायला घेतले, आणि चहाच्या वेळेपर्यंत दार मोकळं. बाहेर जोतं तयारच होतं, त्यावर चार महिन्यांचं गवत वाढलेलं.