दहा येनांची माफी

(दृश्य: कारखान्याचं आवार. साहेब आणि कर्मचारी रांगा करून उभे आहेत.)

एप्रिल २०१६. जपानी टीव्हीवर एक जाहिरात लागते. एका आइसकँडी कंपनीचे वरिष्ठ अधिकारी पुढे उभे आहेत आणि त्यांच्यामागे कर्मचारी. सगळे मिळून कमरेत वाकतात, माफी मागतात. घोटाळा झालेला नाही, कुणाला विषबाधाही झालेली नाही. कंपनीने कँडीचा भाव ६० येनांवरून ७० येन केला आहे, एवढंच. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

या कँडीचं नाव गारीगारी-कुन. बर्फ दाताखाली फुटताना जो आवाज होतो, तो जपानी कानाला 'गारीगारी' असा ऐकू येतो. आपल्या गारेगारशी त्याचं काही नातं नाही, पण नाव ऐकून हसू येतंच.

दहा येनांसाठी माफी का मागावी लागली? कारण तोवर जपानमध्ये अशी एक अख्खी पिढी मोठी झाली होती, जिला भाव वाढतात हेच ठाऊक नव्हतं.

(दृश्य: टोकियोचा शेअर बाजार, जुनं चित्रीकरण.)

२९ डिसेंबर १९८९. निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. शेअर आणि जमिनी, दोन्हींचे भाव आभाळाला भिडले होते आणि बँका जमीन तारण ठेवून हव्या त्याला कर्ज देत होत्या. मग जपानच्या मध्यवर्ती बँकेने, बँक ऑफ जपानने, व्याजदर वाढवत ऑगस्ट १९९० पर्यंत ६ टक्क्यांवर नेला आणि फुगा फुटला. शेअर लगेच कोसळले. जमीन मात्र सावकाश उतरत राहिली. सरकारी नोंदीत देशातल्या जमिनीचे सरासरी भाव १९९२ पासून २००६ पर्यंत सलग पंधरा वर्षं घसरले.

ही पंधरा वर्षं लक्षात ठेवा, कारण भाव आणखी उतरतील म्हणून 'थांबण्या'ची गोष्ट इथे सुरू होते.

(दृश्य: टोकियोबाहेरची वस्ती, रिकामा प्लॉट.)

समजा, तुम्हाला घर घ्यायचं आहे. यंदा घेतलं तर ५ कोटी येन, पुढच्या वर्षी तेच घर ४ कोटी ७० लाखांना मिळेल. भाड्याच्या घरात एक वर्ष काढायला कुणाची हरकत असेल? वर्षाने पुन्हा तोच हिशेब. दरवर्षी घाई करणारा फसतो आणि थांबणारा शहाणा ठरतो. पण सगळेच शहाणे झाले की घर विकायला काढलेल्याला भाव आणखी पाडावा लागतो. म्हणजे थांबणाऱ्याचा अंदाज थांबण्यामुळेच खरा ठरतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही घसरण दुकानांपर्यंत आली. जपानमध्ये मॅकडोनाल्ड्सचा साधा हॅम्बर्गर २००० साली कामाच्या दिवशी ६५ येनांना मिळू लागला. आधी त्याची किंमत याच्या दुप्पट होती. मार्च २००१ मध्ये सरकारने अधिकृतपणे मान्य केलं की देशात चलनघट आहे. एकटा कांदा लासलगावात कोसळला, तर ती चलनघट नव्हे. कांद्यात वाचलेल्या पैशांतून माणूस दुसरं काहीतरी घेतो. चलनघटीत सरसकट सगळ्याच वस्तूंचे भाव उतरतात आणि मागोमाग पगारही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. 'भाव उतरतील म्हणून ग्राहक थांबतो' हे वाक्य जितक्या सहज म्हटलं जातं, तितकं ते सरळ नाही. जपानमध्ये भाव बहुतेक वर्षी एका टक्क्याहूनही कमी उतरले. अर्ध्या टक्क्यासाठी कुणी जेवण पुढे ढकलत नाही. टीव्ही, कॉम्प्युटर तर जगभर स्वस्त होत गेले, तरी लोक घेतच राहिले. माणूस थांबतो तो मोठ्या आणि लांबणीवर टाकता येणाऱ्या खरेदीसाठी. घर, गाडी, कारखान्यातलं नवं यंत्र.

तो खरंच थांबतो का, याचा पुरावा उलट्या बाजूने मिळाला. १ एप्रिल २०१४ ला जपानने विक्रीकर ५ वरून ८ टक्के केला. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती. मार्चमध्ये गाड्या आणि फ्रिज घ्यायला झुंबड उडाली आणि पुढच्या तिमाहीत अर्थव्यवस्था जोरात आकसली. तीन टक्क्यांसाठी लोक खरेदी अलीकडे ओढतात, तर तशाच कारणासाठी पलीकडेही ढकलणार.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, बँकेचं पासबुक, कॅल्क्युलेटर.)

पण माझ्या मते खरी गळचेपी थांबणाऱ्याची नाही, आधीच घर घेऊन बसलेल्याची होते. हिशेब मांडून बघू. पगार महिना ४ लाख येन, घराचा हप्ता दीड लाख. हातात उरतात अडीच लाख. आता भाव आणि पगार, दोन्ही १० टक्क्यांनी उतरले असं धरू. पगार ३ लाख ६० हजार. हप्ता मात्र दीड लाखच, कारण कर्जाचा आकडा स्वस्ताईबरोबर उतरत नाही. उरले २ लाख १० हजार. स्वस्ताईमुळे त्यात पूर्वीच्या सुमारे २ लाख ३३ हजारांइतकं सामान येतं, अडीच लाखांइतकं नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, त्याचं काहीच बिघडलेलं नाही. कर्जदार मात्र काहीही चूक न करता गरीब झाला. तो आता हॉटेलात जाणं कमी करतो, मग हॉटेलवाला एक वेटर कमी करतो. कंपन्यांचंही हेच झालं. व्याज जवळजवळ शून्य असतानाही नवं कर्ज काढण्याऐवजी त्या जुनं फेडत बसल्या.

मग बँक ऑफ जपान काय करत होती? फेब्रुवारी १९९९ मध्ये तिने व्याजदर शून्याला टेकवला. पण भाव वर्षाला एक टक्क्याने उतरत असतील, तर शून्य व्याजाचं कर्जही खऱ्या अर्थाने एक टक्का महाग पडतं. आणि घरात नोटा नुसत्या ठेवल्या तरी वर्षाने त्यांत जास्त माल येतो. महागाई असेल तर बँक व्याज हवं तितकं चढवू शकते. उतरवताना मात्र शून्याशी येऊन हात बांधले जातात. २०१३ मध्ये गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी २ टक्के महागाईचं लक्ष्य धरून, बाजारात पैसा यावा म्हणून रोखे खरेदीचा प्रचंड सपाटा लावला. २०१६ मध्ये तर व्याजदर शून्याच्याही खाली, उणे ०.१ टक्क्यावर नेला. तरीही लक्ष्य हुलकावणी देत राहिलं. लोकांना वर्षानुवर्षं भाव जागच्या जागी बघायची सवय झाली होती. पगारवाढ मागायला युनियन कचरत होत्या आणि भाव वाढवायला दुकानदार.

(दृश्य: दुकानातला फ्रीझर. निळ्या वेष्टनातली कँडी.)

म्हणूनच ती जाहिरात निव्वळ गंमत नव्हती. जो दुकानदार पहिला भाव वाढवेल, त्याचं गिऱ्हाईक शेजारी जाणार, ही भीती खरी होती.

पुढे कोविडनंतर जगभर कच्चा माल आणि इंधन महागलं, येन घसरला आणि जपानमध्येही भाव चढू लागले. मार्च २०२४ मध्ये गारीगारी-कुन ८० येनांची झाली. त्याच महिन्यात बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवला. सतरा वर्षांतली तिची ती पहिली व्याजवाढ होती.